एका सीटवरून जाणाऱ्या चार गोष्टी

गर्दीच्या लोकलमधला प्रसंग लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा आधी माणसं गोळा करतो. एक निवृत्त शिक्षक, एक नोकरी शोधणारा मुलगा, सासर सोडून निघालेली एक बाई, एक फेरीवाला. मग त्यांना एका डब्यात आणून पाळीपाळीने बोलायला लावतो. शिक्षक आपल्या मुलांबद्दल सांगतात, मुलगा मुलाखतीबद्दल, बाई नवऱ्याबद्दल. दुसऱ्या माणसाची कहाणी संपत आली की वाचकाला कळतं, आता तिसऱ्याची पाळी. डबा केवळ निमित्तापुरता उरतो. तीच चार माणसं बागेतल्या बाकावर किंवा दवाखान्याच्या बाहेर बसवली तरी एकही वाक्य बदलावं लागत नाही. ही चूक पात्रांच्या निवडीत नसते. अनोळखी माणसं एकमेकांशी ओळख करून घेतात म्हणून त्यांच्या गोष्टी एकमेकींना भेटतात, या समजुतीत ती असते. भरलेल्या डब्यात असं घडत नाही. तिथे माणसांचा एकमेकांशी संबंध येतो तो जागेवरून. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण दार अडवतंय, कोण कुठे उतरणार, एवढंच तिथे महत्त्वाचं असतं. म्हणून असा प्रसंग लिहिताना आधी जागेचा व्यवहार ठरवावा, आणि प्रत्येकाची गोष्ट त्या व्यवहारात जेवढी आडवी येईल तेवढीच आत घ्यावी, असं माझं म्हणणं आहे.

मुंबईच्या लोकलमध्ये हा व्यवहार अगदी उघड दिसतो. बसलेल्या बाईला उभी असलेली बाई नाव विचारत नाही. ‘कुठे उतरणार?’ एवढाच तिचा प्रश्न असतो. उत्तर ‘घाटकोपर’ असं आलं की ‘मला द्या हं’, आणि समोरून एक मान हलते. तोंडी करार झाला. थोड्या वेळाने तिसरी बाई त्याच सीटबद्दल विचारते, तेव्हा बसलेली बाई आधी विचारलेल्या बाईकडे बोट दाखवून ‘यांना सांगितलंय’ म्हणते, आणि तिसरी दुसरीकडे वळते. कुठेही न लिहिलेला हा नियम डब्यातल्या जवळजवळ सगळ्याजणी पाळतात, आणि कोणी मोडला तर आख्खा डबा त्यावर बोलतो. तिघींच्या बाकावर कडेला टेकणाऱ्या ‘चौथ्या सीट’चाही असाच कायदा आहे: आतल्या तिघींनी थोडं थोडं सरकायचं आणि चौथीने अर्ध्यावर समाधान मानायचं. कथाकाराला याहून चांगलं साधन कुठे मिळणार? एका सीटवर तासाभरात दोन-तीन माणसं बसून जातात, आणखी दोघी-तिघी तिच्यावर डोळा ठेवून असतात, आणि प्रत्येकीला ती हवी असण्याचं वेगळं कारण असतं. ते कारण हीच तिची गोष्ट. लेखकाने सीटवरून नजर ढळू दिली नाही, तर गोष्टी आपोआप तिच्यावरून जातात.

हे केवळ लोकलपुरतं खरं नाही. भीष्म साहनींची ‘अमृतसर आ गया है’ ही फाळणीच्या काळातली हिंदी कथा याच दृष्टीने पुन्हा वाचावी. डब्यात पठाण आहेत, एक किरकोळ बाबू आहे, आणखी काही प्रवासी आहेत. कोणीही आपली जीवनकहाणी सांगत नाही. कथेचे दोन्ही भीषण क्षण डब्याच्या दारावरून येतात: आत शिरू पाहणाऱ्याला आत घ्यायचं की नाही, हाच दोन्ही वेळी प्रश्न आहे. अमृतसर येईपर्यंत डबा पठाणांचा असतो आणि बाबू दबून बसलेला असतो. अमृतसर आल्यावर डबा बाबूचा होतो, आणि पुढे दाराशी गयावया करणाऱ्या माणसावर त्याच्या हातातली लोखंडी सळई उतरते. बाबूच्या मनात काय साठलं होतं, हे आपल्याला नुसतं त्याच्या तोंडून कळत नाही. दारावर त्याने काय केलं, त्यावरून कळतं. पु. ल. देशपांड्यांची ‘म्हैस’ मात्र उलट्या जातीची आहे. तिथे एसटी थांबते, रस्त्यात म्हैस पडलेली असते आणि सगळ्यांना बोलायला मोकळा वेळ मिळतो. सगळ्या प्रवाशांना भरपूर बोलतं करायचं असेल तर गाडी थांबवावी लागते, हे ‘म्हैस’वरून शिकण्यासारखं आहे. धावत्या, खच्चून भरलेल्या गाडीत तो वेळ नसतो, आणि आपण इथे तिच्याबद्दल बोलतो आहोत.

आता एक प्रसंग प्रत्यक्ष बांधून पाहू. गाडी निवडतानाच निम्मं काम होतं. संध्याकाळची सीएसएमटीहून सुटलेली कल्याण फास्ट घेऊ, बायकांचा सेकंड क्लास. फास्ट म्हणवणाऱ्या सगळ्या गाड्यांचे थांबे सारखे नसतात, म्हणून आपल्या गाडीचे थांबे कागदावर लिहून काढावेत: भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, आणि मग थेट ठाणे. घाटकोपर ते ठाणे हे अंतर साधारण पंधरा किलोमीटर आहे. तेवढ्यात कोणालाही उतरता येत नाही. कुर्ला ते घाटकोपर अवघ्या चार-पाच मिनिटांचं. स्टेशनात गाडी जेमतेम अर्धा मिनिट उभी राहते. हे आकडे वाचकाला सांगायचे नसतात, पण लेखकाच्या डोक्यात असावे लागतात, कारण कुठलं बोलणं कुठे मावेल हे त्यांवरच ठरतं. अशा प्रसंगांत एक चूक इतक्यांदा होते की ती वेगळी सांगायला हवी: स्टेशन आलं की पात्र उठतं आणि उतरतं. त्या गर्दीत असं केलं तर माणूस पुढच्या स्टेशनावर पोचतो. घाटकोपरला उतरणारी बाई कुर्ल्यालाच, कधी त्याआधी, उठते, पिशवी छातीशी घेते, पुढच्या प्रत्येकीला ‘घाटकोपर?’ असं विचारत दाराकडे सरकते. म्हणजे तिची सीट ती उतरण्याच्या कितीतरी आधी रिकामी होते. ही चार-पाच मिनिटं प्रसंगासाठी सोन्यासारखी आहेत.

चार बायका घेऊ. पाचवीलाही गोष्ट दिली की वाचक चेहरे विसरायला लागतो. पहिली खिडकीशी बसलेली, घाटकोपरला उतरणारी. तिच्या मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा आहे आणि तो दुमडू नये म्हणून तिने तो आडवा, सरळ धरलाय, त्यामुळे बाकावर तिला जरा जास्तच जागा लागते आणि चौथ्या सीटवरच्या बाईला नेहमीच्या अर्ध्याऐवजी पावच मिळते. लिफाफ्यात कोणाचा एक्स-रे आहे आणि त्यात काय दिसलं, हे लेखकाने स्वतःशी पक्कं ठरवावं आणि डब्यात कोणालाही सांगू नये. दुसरी, दादरला चढलेली, कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली. तिने चढल्या चढल्या खिडकीवालीची सीट सांगून ठेवली आहे. तिसरी एक तरुण मुलगी, दाराजवळ, फोनवर दबक्या आवाजात बोलणारी. चौथी एक म्हातारी, दोन जड पिशव्या घेऊन दादरला गर्दीच्या रेट्याने आत आलेली. तिला भांडुपला जायचंय. कल्याणची गाडी भांडुपला थांबते एवढंच तिला माहीत आहे, आणि ते खरंही आहे, पण स्लो गाडीबद्दल. प्रत्येकीला लेखकाने एक वस्तू आणि एक निकड दिली आहे: लिफाफा आणि तो न दुमडणं, दुखणारे पाय आणि सीट, फोन आणि आडोसा, पिशव्या आणि भांडुप. यापलीकडे सुरुवातीला काहीही सांगायची गरज नाही.

कुर्ला सुटल्यावर म्हातारी विचारते, ‘भांडुप अजून किती लांब?’ दुकानातली बाई सांगते, ‘आजी, ही फास्ट आहे. भांडुपला नाही थांबत.’ लगेच डब्यातून दोन सल्ले येतात. एक म्हणते ठाण्याला जा आणि परत या. दुसरी म्हणते घाटकोपरला उतरून स्लो पकडा. म्हातारीला घाटकोपर पटतं. पण ती बाकांच्या मधे आत अडकली आहे, आणि तिला बाहेर काढायचं तर दुकानातल्या बाईला आपली जागा सोडून पॅसेजमध्ये यावं लागणार. तिने जागा सोडली की करार सैल होतो. लिफाफ्याची बाई नुकतीच उठली आहे, सीट मोकळी आहे, आणि चौथ्या सीटवाली तिथेच बसलेली आहे. प्रसंगाचा कणा हाच: दिवसभर उभी राहिलेली एक बाई, हाताच्या अंतरावर आलेली सीट, आणि वाटेत उभी असलेली अनोळखी म्हातारी. इथे तिच्या दुकानाचं, मालकाचं, घराचं वर्णन करायला जाऊ नये. ती क्षणभर हलत नाही, एवढं पुरे. मग ती बाहेर सरते. लिफाफ्याची बाई म्हातारीची एक पिशवी उचलते आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून लिफाफा सीटवर ठेवते. त्याने दुकानातल्या बाईची जागाही राखली जाते. दोघी म्हातारीला पुढे घालून दाराकडे निघतात.

घाटकोपर येतं, रेटा उतरतो, त्याबरोबर लिफाफ्याची बाई आणि म्हातारी फलाटावर. चौथ्या सीटवाली खिडकीकडे सरकायला जाते आणि तिच्या हाताखाली लिफाफा येतो. ‘अहो, हे राहिलं!’ ती तो डोक्यांवरून पुढे देते, एक हात दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. शेवटी दारातल्या मुलीला कानाचा फोन खाली घ्यावा लागतो आणि सुटत्या गाडीतून ती तो फलाटावरच्या हातात देते. लिफाफा ज्या हातांतून गेला त्यांतल्या एकीलाही आत काय आहे ते ठाऊक नाही. मुलीचं फोनवरचं वाक्य अर्धं तुटलंय आणि पलीकडच्याने त्या मधल्या काळात फोन ठेवलाय. ती पडद्याकडे बघत राहते. दुकानातली बाई गर्दीतून परत येते तेव्हा खिडकी गेलेली असते. चौथ्या सीटवाली जरा सरकून घेते आणि तिला कडेला टेकायला जागा देते. ही जागा अर्धीच असू द्यावी. इथे खिडकी तिला बहाल करण्याचा मोह बऱ्याच लेखकांना होईल, म्हणजे चांगुलपणाचं बक्षीस मिळेल आणि वाचकाला बरं वाटेल. तो मोह आवरायला हवा, कारण चौथ्या सीटवालीनेही काही लबाडी केलेली नाही. ती सीएसएमटीपासून पाव सीटवर टेकून आली होती, आणि लिफाफा तिनेच वेळेत उचलला. दोघींचं बरोबर आहे आणि खिडकी एकच आहे, यातच प्रसंगाचा खरेपणा आहे.

हे सगळं कोणाच्या डोळ्यांनी दाखवायचं? गर्दीत नजर कुठवर पोचते हे उंचीवर ठरतं, आणि इथे लेखकाची पारख होते. बसलेल्या बाईला दिसतात पदर, पर्सचे पट्टे, कोपरं, पिशव्यांचे तळ. चेहरे फार कमी. उभीला दिसतात बसलेल्यांचे भांग, हातातल्या मोबाईलवरची अक्षरं, मांडीवरच्या वस्तू. म्हणून आपल्या प्रसंगात दुकानातल्या बाईचे डोळे सर्वांत उपयोगी: तिला वरून लिफाफा दिसतो, म्हातारीचं डोकं आपल्या खांद्याशी लागतं, मुलीचा आवाज ऐकू येतो पण चेहरा दिसत नाही. तिला जे दिसत नाही ते लिहू नये. सर्वज्ञ निवेदकाने चारही मनांत जाऊ नये असं नाही, पण तसं केलं की प्रत्येक मनात थोडं थांबावं लागतं, आणि घाटकोपर येतं तोवर गाडीची गती निघून गेलेली असते. भाषेचंही असंच. अनोळखी बाईशी पहिला प्रश्न पुष्कळदा हिंदीत येतो, ‘कहाँ उतरोगे?’, आणि उत्तराच्या सुरावरून समोरची मराठी आहे हे कळलं की पुढचं बोलणं मराठीत होतं. म्हातारीला ‘आजी’ किंवा ‘मावशी’, बरोबरीच्या बाईला ‘ताई’ नाहीतर नुसतं ‘अहो’. ही छोटी वळणं खरी ठेवली की ओळख करून देणारी वाक्यं लिहावी लागत नाहीत.

यावर एक आक्षेप येणारच, आणि तो वजनदार आहे: गाडीत माणसं अनोळखी माणसाला आयुष्य उघडं करून सांगतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा कधी भेट होणार नाही म्हणूनच सांगतात. हे खरं आहे. पण ते कोणत्या गाडीत, किती गर्दीत घडतं ते पाहावं. टॉलस्टॉयच्या ‘क्रॉयत्झर सोनाटा’त एक प्रवासी आपल्या लग्नाची आणि बायकोच्या खुनाची दीर्घ कहाणी सांगतो. त्याआधी डब्यात लग्नाविषयी जो मोठा वाद रंगतो, त्यातले वकील आणि बाई दुसऱ्या डब्यात निघून गेल्यावरच तो खरा बोलू लागतो. म्हणजे कबुलीसाठी टॉलस्टॉय आधी डब्यातली माणसं कमी करून घेतो. लांब पल्ल्याच्या गाडीत, रात्री, दोन बर्थच्या मधे अशी कहाणी लिहिता येते. संध्याकाळच्या लोकलमध्ये चार जणींची कोपरं अंगात रुतत असताना कोणी तशी बोलत नाही, आणि बोललीच तर आजूबाजूच्या दहाजणी ऐकतात. मग ती कबुली राहत नाही, डब्यासमोरचं भाषण होतं. लोकलमध्ये कबुलीची जागा फोनने घेतली आहे, आणि त्याची एकच बाजू ऐकू येते. आपल्या मुलीचं बोलणं तसंच, एका बाजूचं आणि तुटक लिहावं. पलीकडचा कोण, हे तिच्या उत्तरांवरून वाचकाने ओळखावं किंवा ओळखू नये.

दुसरा आक्षेप असा की पूर्वायुष्य दिलं नाही तर वाचकाला या बायकांचं काय पडलंय? इथे मला उलट वाटतं. वाचक गोष्टीशी बांधला जातो तो माहितीने नाही, पात्राला काहीतरी निवडावं लागतं तेव्हा. दुकानातल्या बाईने सीट सोडायची की नाही, या एका क्षणात तिच्या संसाराच्या दोन परिच्छेदांपेक्षा जास्त कळतं, कारण ती खर्ची घालणार असलेली गोष्ट वाचकाने पाहिली आहे. मात्र लेखकाला तिचा संसार माहीत नसेल तर तो क्षण पोकळ निघतो. ती आज नेहमीपेक्षा जास्त का थकली आहे, घरी कोण वाट पाहतंय, हे त्याने वहीत लिहून ठेवावं. त्यातलं एखादंच तिच्या हालचालीत उतरेल. योगायोगाबद्दलही शंका काढली जाते. चार अनोळखी माणसं एका डब्यात येणं हा योगायोग वाचक बिनतक्रार मान्य करतो, कारण गाडीचं कामच ते आहे. पण लिफाफा म्हातारीच्या सुनेचा निघाला, किंवा फोनवरचा मुलगा दुकानातल्या बाईचा, की वाचकाचा विश्वास तत्काळ तुटतो. भेट एवढी पुरे; नातं जोडू नये.

खर्डा झाल्यावर तो तपासायचा एक सोपा मार्ग आहे. कागदावर प्रत्येक स्टेशनाचं नाव लिहून त्याखाली कोण कुठे बसलंय, कोण उभं, कोणाचा हात कशाला धरलेला आहे ते मांडावं. दोन हातांनी पिशव्या धरलेल्या म्हातारीने मधेच पदराने डोळे पुसले, तर ते इथे पकडलं जातं. मग बोलण्याची सगळी वाक्यं झाकून पाहावीत. उरलेल्या हालचालींवरूनही कोणाला काय हवं होतं आणि कोणाला काय मिळालं हे समजत असेल, तर प्रसंग उभा आहे. नुसती वाक्यं ठेवून हालचाली काढल्या आणि तरी सगळं समजतं असं दिसलं, तर तो प्रसंग गाडीत घडलेलाच नाही, पुन्हा लिहावा. आणि घाटकोपर सुटल्यावर लेखणी थांबवावी. फलाटावरच्या दोघींबरोबर जाऊ नये, आजी भांडुपला पोचली का ते सांगू नये, मुलीचा फोन पुन्हा वाजवू नये. दुकानातल्या बाईने कडेला टेकून एक पाय चपलेतून सोडवला की प्रसंग संपला. ठाण्यापर्यंत आता गाडीला थांबा नाही.